शिट्टी मोजू नका, गॅस बारीक करा

आज भात-वरण. उदाहरण तिकोणा पेठेतलं, गडाच्या पायथ्याचं. तिथे चार माणसांसाठी दोन वाट्या इंद्रायणी आणि एक वाटी तूरडाळ शिजवायची आहे.

आधी उकळण्याचं बघू. मावळातलं हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि गॅस कितीही मोठा केला तरी त्याच्या वर जात नाही. जास्तीचा गॅस फक्त वाफ करतो. हिशेब करून बघा: एक लिटर गार पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेतीन पटींहून जास्त उष्णता अर्धा लिटर पाणी वाफ होऊन उडताना खर्च होते! डाळ पाऊण तास उघडी रटरटत ठेवली की सिलिंडर तिथेच संपतो. म्हणून झाकण ठेवा आणि उकळी आली की आच कमी करा.

मोदकपात्रातली साधी वाफही त्याच तापमानाची. त्यात भात होतो, पण वेळ लागतो, आणि डाळ कंटाळा आणते.

कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १२० अंशांच्या जवळ जातं. ढोबळमानाने दर दहा अंशांना शिजण्याचा वेग दुप्पट होतो, म्हणजे वीस-बावीस अंशांत चौपट. पाऊण तासाची डाळ दहा-बारा मिनिटांत होते. पहिली शिट्टी म्हणजे आत दाब पुरेसा झाला. पुढची प्रत्येक शिट्टी ही बाहेर फेकलेली वाफ. तिथून आच अगदी बारीक करून घड्याळ बघा.

आपल्या डब्यांच्या कुकरमध्ये खरं तर वाफवणं आणि दाब दोन्ही एकत्र होतात. अडचण एवढीच, की इंद्रायणी मुळात चिकट. (वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा वाण, १९८७ चा.) डाळीच्या वेळेला तो गिचका होतो. उपाय म्हणजे डाळ तासभर आधी भिजवा, ती खालच्या डब्यात ठेवा आणि भाताला पाणी थोडं कमी घाला. तळाशी दोन ग्लास पाणी हवंच. दहा-पंधरा मिनिटं झाली, शिट्टी नाही आणि करपल्याचा वास आला, तर बंद करा. तळ कोरडा पडलाय.

डाळ शिजली तरी दाणे वेगळे आणि पाणी पातळ राहिलं, तर आमसूल किंवा टोमॅटो आधी पडलाय, नाहीतर पाणी जड आहे. आंबट नेहमी नंतर घाला. सोडा घातला तर डाळ मऊ होते खरी, पण बी-वन जीवनसत्त्व नष्ट होतं.

हेच बी-वन पाण्यात विरघळतं. त्यामुळे भात वेळून पेज ओतून दिली, तर ते मोरीत जातं. कुकरच्या उष्णतेनेही थोडं कमी होतं, पण डब्यात ओतून द्यायला पाणीच उरत नाही, म्हणून तिथे जास्त टिकतं. वेळायचाच असेल तर पेजेत मीठ घालून पिऊन टाका. मला तरी ती वरणापेक्षा आवडते.