तीच तीन अंडी, पण एक ऑम्लेट दोन बोटे उंच आणि दुसरे रुमालासारखे पातळ. फरक नेमका कुठे पडतो?

रील्समध्ये दिसणारे कापसासारखे, पॅनच्या काठापर्यंत फुगलेले ऑम्लेट घरी करायला गेले की बहुतेकदा जाडसर पोळीच हाती येते. मग दोष अंड्यांना दिला जातो, किंवा बेकिंग पावडर घालायची राहिली असे वाटते. प्रत्यक्षात त्यात अंडी, मीठ आणि लोणी यापलीकडे काहीच लागत नाही. उंच ऑम्लेट आणि पातळ घडीचे ऑम्लेट हे एकाच पदार्थाचे कमी-जास्त फुगलेले प्रकार नाहीत. दोघांची कृती पहिल्या मिनिटापासूनच वेगळी असते.

हवा कुठे अडकते?

अंड्याचा पांढरा भाग म्हणजे जवळपास नव्वद टक्के पाणी आणि उरलेली मुख्यतः प्रथिने. ही प्रथिने गुंडाळी करून ठेवलेल्या दोऱ्यासारखी असतात. जोरात फेटले की गुंडाळी सुटते आणि ती हवेच्या बुडबुड्याभोवती पातळ पडदा धरतात. हा पडदा जितका घट्ट, तितका बुडबुडा टिकतो.

अडचण येते बलकामुळे. बलकात स्निग्धांश भरपूर असतो आणि तो बुडबुड्याच्या कडेला जाऊन प्रथिनांची जागा अडवतो. म्हणूनच अख्खी अंडी कितीही घुसळली तरी मोठे, कमकुवत बुडबुडे तयार होतात आणि मिश्रण थोडा वेळ ठेवले की फुटून जातात. हातगाडीवरचा ऑम्लेटवाला स्टीलच्या ग्लासात कांदा, मिरची आणि अंडी चमच्याने दणादण फेटतो, त्याने फेस येतो खरा. पण तव्यावर पसरेपर्यंत तो बराच बसलेला असतो. त्याला उंची नकोच असते, पावात मावेल असे पातळ ऑम्लेट हवे असते.

उंच ऑम्लेटसाठी सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे पांढरा भाग आणि बलक वेगळे करणे. थंड अंड्याचा बलक सहसा न फुटता निघतो, त्यामुळे अंडी फ्रीजमधून काढल्या काढल्या फोडावीत आणि पांढरा भाग थोडा वेळ बाहेर ठेवून मग फेटावा. भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. प्लास्टिकच्या भांड्याला धुतल्यावरही तेलकटपणा चिकटून राहतो, आणि तेवढाही फेस कमी करायला पुरतो.

हाताने फेटायला तीन-चार मिनिटे लागतात, विजेच्या बीटरने त्याहून कमी. कुठे थांबायचे हे मात्र घड्याळावर ठरत नाही. व्हिस्क वर उचलल्यावर फेसाचा शेंडा उभा राहून टोकाला किंचित वाकला पाहिजे. शेंडा उभाच राहत नसेल तर आणखी फेटावे. फेसाच्या गुठळ्या होऊन भांड्याच्या तळाशी पाणी सुटू लागले तर मर्यादा ओलांडली गेली. प्रथिने एकमेकांना इतकी घट्ट चिकटली की पाणी बाहेर पडले. असा फेस बलकात नीट मिसळत नाही आणि ऑम्लेट कोरडे होते. सुरुवातीलाच लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाकले तर ही पायरी लवकर येत नाही.

फ्रान्समध्ये मों सॅं-मिशेल बेटावर १८८८ साली सुरू झालेले ‘ला मेर पुलार’ हे ठिकाण अशाच फुगीर ऑम्लेटसाठी प्रसिद्ध आहे. तिथे अंडी तांब्याच्या भांड्यात फेटतात आणि लांब दांड्याच्या पॅनमध्ये लाकडाच्या जाळावर भाजतात. तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश अंड्यातील एका प्रथिनाशी जोडला जातो आणि फेस जास्त टिकतो. घरी त्यासाठी तांब्याचे पातेले शोधायची गरज नाही, लिंबू पुरे.

मीठ आणि मिरपूड बलकात घालावी, पांढऱ्या भागात नव्हे. बलक फेसात मिसळताना ढवळू नये. चमचा खालून वर आणत, आठ-दहा वेळा हलकेच वरखाली करावे. पांढऱ्या रेषा राहिल्या तरी चालते.

पातळ ऑम्लेटला फेस नकोच

इथे काट्याने तीस-चाळीस फटके बस्स. पांढऱ्या भागाचे धागे तुटून रंग एकसारखा झाला की थांबावे. जास्त फेस झाला तर पातळ थरात भोके पडतात आणि घडी घालताना तो फाटतो. मीठ मात्र आधी, दहा-पंधरा मिनिटे घालून ठेवले तर ऑम्लेट मऊ होते.

पॅनचा हिशेब

सोललेले अंडे साधारण ५० ग्रॅमचे धरले, तर तीन अंड्यांचे मिश्रण सुमारे १५० मिलीलीटर होते. ते २४ सेंटीमीटर तळाच्या पॅनमध्ये ओतले तर थर जेमतेम तीन मिलिमीटरचा बसतो, आणि तेच घडीसाठी हवे. १६ सेंटीमीटरच्या पॅनमध्ये तोच थर साडेसात मिलिमीटर होतो. फेसामुळे मिश्रण तिप्पट झाले असेल, तर छोट्या पॅनमध्ये उंची दोन सेंटीमीटरच्या पुढे जाते. मोठ्या पॅनमध्ये मात्र तोच फेस एका सेंटीमीटरवर थांबतो. रीलमध्ये पॅन किती छोटा आहे, हे कॅमेऱ्यात सहसा कळत नाही. पोळीचा खोलगट तवा दोन्हींना गैरसोयीचा. मधे जाड आणि कडेला पातळ थर बसतो.

लोणी, तेल आणि आच

लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ते तापून उडत असताना लोणी फसफसते आणि पाणी संपले की शांत होते. पातळ ऑम्लेटसाठी चमचाभर लोणी घेऊन फसफस ओसरू लागताच अंडी ओतावीत, मध्यम-मोठ्या आचेवर काट्याने हलवत राहावे आणि वरचा भाग ओलसर असतानाच घडी घालावी. मिनिटभराचे काम आहे. फसफस ओसरल्यावर आणखी थांबले तर लोणी तपकिरी होते आणि ऑम्लेटवर डाग पडतात. तेलात असा इशारा मिळत नाही, म्हणून ते धूर येण्याइतके तापू देऊ नये.

उंच ऑम्लेटचा मामला उलटा आहे. फेसातली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. मोठ्या आचेवर तळ करपतो आणि वरचा अर्धा भाग कच्चा राहतो. अर्धा चमचा लोणी तळाला आणि थोडे कडेला पुसावे, फेस हलकेच ओतून मंद आचेवर झाकण ठेवावे. जास्त स्निग्धांश घातला तर तो कडेला साचतो आणि तिथे अंडे तळले जाऊन चिवट होते. चार-पाच मिनिटांनी सुरीचे टोक मधोमध घालून पाहावे. फेस चिकटून आला तर आणखी मिनिटभर झाकून ठेवावे. लहान मुले किंवा गरोदर स्त्रियांसाठी गाभा पूर्ण घट्ट झालेलाच हवा.

कांदा-टोमॅटो मिश्रणात घातला तर जड तुकडे खाली बसतात आणि त्यांचे पाणी फेस मोडते. घालायचेच असेल तर कोरडे परतून, घडी घालताना मधे ठेवावे. घडी घालण्याआधी वरच्या बाजूला मधोमध एक उथळ चीर द्यावी, नाहीतर जाड थर फुटतो.

ताटात आल्यावर उंच ऑम्लेट दोन-तीन मिनिटांत बसू लागते. त्यात मैदा नसतो, त्यामुळे वाफ निवून बुडबुडे आकसले की त्यांना धरून ठेवणारा भक्कम सांगाडा नसतो. ते वाट पाहत नाही, खाणाऱ्याने आधीच बसलेले असावे लागते. पातळ ऑम्लेट मात्र डब्यात घालून ऑफिसला नेले तरी फारसे बदलत नाही.