गेज बघायचं की वजनकाटा?

गॅस भरणाऱ्या डेपोत थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. ऑक्सिजनचा सिलिंडर भरणारा माणूस गेजकडे बघत असतो आणि कार्बन डायऑक्साइडचा भरणारा वजनकाट्याकडे. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत मी हे काम जवळून बघत होतो. दोन्हीकडचे सिलिंडर सारखेच होते. पोलाद तेच, उंची तीच आणि आत पाणी भरलं तर दोन्हींत मावणार 46.7 लिटर. तरीही एकाचा हिशेब दाबावर आणि दुसऱ्याचा किलोवर. असं का, हे भरणाऱ्या माणसाला विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं, "साहेब, सीओटूच्या गेजवर विश्वास ठेवला तर धंदा बुडेल."

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. ऑक्सिजन 150 बार दाबापर्यंत भरतात. 46.7 ला 150 ने गुणलं की सुमारे 7000 लिटर, म्हणजे 7 घनमीटर होतात, आणि बाजारात या सिलिंडरला 'सात क्यूबिकचा' म्हणतात तो याच गुणाकारामुळे. अर्धा गॅस वापरला की सुई 75 च्या आसपास येते. शाळेत शिकलेला आदर्श वायूचा नियम इथे रोज बिनबोभाट चालतो.

शेजारच्या सीओटूच्या सिलिंडरमध्ये 30 किलो माल असतो. हाच नियम त्याला लावून पाहू. 30 किलो म्हणजे सुमारे 682 मोल. ते 46.7 लिटरमध्ये कोंबले, तर प्रत्येक मोलच्या वाट्याला जेमतेम 0.0685 लिटर जागा येते. 25 अंश सेल्सिअसला आदर्श वायूचं गणित दाब सांगतं 362 बार. गेज दाखवतं 64. फरक थोडाथोडका नाही, साडेपाच पटींचा आहे. त्यातून गॅस वापरत गेलं तरी सुई 64 वरच राहते. पाच किलो गेले तरी 64, दहा किलो गेले तरी 64.

आदर्श वायूचं गणित दोन गोष्टी गृहीत धरतं. रेणूंना स्वतःचा आकार नाही आणि ते एकमेकांना ओढत नाहीत. खऱ्या रेणूला आकारही असतो आणि ओढही. जोहानेस व्हान डर व्हाल्स या डच शास्त्रज्ञाने 1873 मध्ये लायडन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात या दोन्ही गोष्टींचा हिशेब एकाच समीकरणात मांडला:

(P + a/V²)(V − b) = RT

यातला V म्हणजे एका मोलच्या वाट्याची जागा. b ही आकाराची दुरुस्ती. दोन रेणू एकमेकांच्या एका ठरावीक अंतराच्या आत येऊ शकत नाहीत, त्यामुळे फिरायला मोकळी असलेली जागा सिलिंडरच्या आकारमानापेक्षा कमी भरते. ही अडलेली जागा रेणूंच्या स्वतःच्या एकूण आकारमानाच्या चौपट निघते. जागा कमी झाली की भिंतीवरच्या धडका वाढतात, म्हणून आकार नेहमी दाब वाढवतो.

a ही ओढीची दुरुस्ती. सिलिंडरच्या मधोमध असलेल्या रेणूला सगळीकडून सारखी ओढ असते, त्यामुळे ती आपसात मिटून जाते. भिंतीजवळ पोचलेल्या रेणूच्या मागे मात्र सगळे सोबती आणि पुढे कोणी नाही. ते त्याला मागे खेचतात आणि त्याची भिंतीवरची धडक मंदावते. गर्दी दुप्पट झाली तर धडक मारणारेही दुप्पट आणि मागे खेचणारेही दुप्पट, म्हणून ही घट चौपट होते. समीकरणात V चा वर्ग येतो तो यामुळे.

हवेच्या साध्या दाबाला, 25 अंशांना, एका मोलला जवळजवळ 25 लिटर जागा मिळते. सीओटूचा b आहे 0.0427 लिटर. 25 लिटरांपुढे ही जागा हिशेबात धरण्याइतकीही नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये मात्र मोलला 0.0685 लिटर मिळतात, आणि त्यातले 0.0427 लिटर अडलेले! साठ टक्क्यांहून जास्त जागा गेली. नुसत्या आकाराचा विचार केला तर दाब 362 वरून 961 बारवर जातो. आता ओढ धरा. सीओटूचा a 3.64 आहे, त्याला 0.0685 च्या वर्गाने भागलं की 776 बार वजा होतात. उरतात 185.

गेज तर 64 दाखवतंय. म्हणजे व्हान डर व्हाल्सचं समीकरण दिशा बरोबर सांगतं, पण इतक्या दाटीत आकडा बरोबर देत नाही. रेणू इतके जवळ आले की a आणि b हे ठाम आकडे राहत नाहीत, आणि इथे तर त्यापुढची गोष्ट घडलेली असते. ओढीने बहुतेक रेणूंना एकत्र बांधून टाकलेलं असतं. सिलिंडरमध्ये आता वायू एकटा नाही. 25 अंशांना त्याच्या 85 टक्के भागात द्रव आहे आणि वर उरलेल्या जागेत बाष्प. वरून गॅस काढला की द्रवातून तितकाच उडतो आणि दाब पुन्हा तिथेच येतो. सुई हलत नाही ती यामुळे. द्रव संपल्यावरच ती खाली यायला लागते, आणि तेव्हाही आत अकरा-एक किलो माल बाष्पाच्या रूपात शिल्लक असतो.

मग ऑक्सिजन इतका सरळ का वागतो? मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. आदर्श गणिताने 150 बार यावेत इतका ऑक्सिजन भरला, की मोलला 0.165 लिटर जागा मिळते. ऑक्सिजनचा b 0.0318, म्हणजे जवळजवळ एक-पंचमांश जागा इथेही अडलेली आहे. नुसत्या आकाराने दाब 150 वरून 186 व्हायला हवा. ओढीची वजाबाकी येते 50 बारची. उरतात सुमारे 135, आणि प्रत्यक्षात दाब 140 च्या थोडा वर भरतो. म्हणजे ऑक्सिजनचे रेणू आदर्श मुळीच नाहीत. त्यांच्यात दोन्ही खोटी आहेत, त्याही चांगल्या मोठ्या, पण एक वर ढकलते आणि दुसरी खाली खेचते. दोन्ही जवळपास फिटतात, आणि आपण समजतो की नियम तंतोतंत पाळला जातोय. भरणाऱ्याचा सात घनमीटरचा गुणाकार या योगायोगावर उभा आहे.

दाब आणखी चढवत नेला की हा योगायोग टिकत नाही. ओढ मुळातच दुबळी असलेल्या हायड्रोजनमध्ये ते स्वच्छ दिसतं. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींच्या टाक्या 700 बारला भरतात. आदर्श गणिताप्रमाणे 15 अंशांना लिटरमागे 59 ग्रॅम हायड्रोजन मावायला हवा, पण 40 ग्रॅमच मावतो. उरलेली जागा रेणूंच्या आकाराने खाल्लेली असते.

तापमानाचा मुद्दा याच धाग्यातला आहे. थंडीत ओढ वाढते असं पुष्कळांना वाटतं. ओढ होती तेवढीच राहते, रेणूंचा वेग उतरतो. वेगवान रेणू शेजाऱ्याजवळून निसटून जातो, मंद रेणू अडकतो. सीओटूच्या बाबतीत या लढाईची सीमा 31 अंश सेल्सिअस आहे. त्याच्या वर कितीही दाबलं तरी द्रव वेगळा दिसत नाही. आयर्लंडमधल्या बेलफास्टला थॉमस अँड्र्यूज यांनी काचेच्या नळ्यांत सीओटू दाबून ही सीमा शोधली आणि 1869 मध्ये ती जगापुढे मांडली. ऑक्सिजनची सीमा उणे 118 अंशांच्या आसपास आहे, म्हणून आपल्या हवेत तो सिलिंडरमध्ये कधीच द्रव होत नाही.

31 अंश हा आकडा महाराष्ट्रात राहणाऱ्याला नीट लक्षात ठेवावा लागतो, कारण आपला उन्हाळा या सीमेच्या वर आहे. मे महिन्यात नागपूरला उन्हात ठेवलेल्या सिलिंडरमध्ये द्रव आणि बाष्प असे दोन थर नसतातच. आत एकच दाट वायू असतो आणि अचल म्हणून ओळखली जाणारी सुई गॅस काढला की हलायला लागते. ज्याला थंडीतल्या 57-60 ची सवय आहे, तो शंभरचा आकडा बघून गेज बिघडलं असं ठरवतो.

उलटी फसगतही होते. वेल्डिंगच्या कामात सीओटू भराभर ओढला जातो. रेणू एकमेकांपासून दूर जाताना त्यांना आपसातली ओढ तोडावी लागते. त्याची ऊर्जा ते स्वतःच्याच गतीतून घेतात आणि गॅस थंड पडतो, इतका की रेग्युलेटरमध्ये सुक्या बर्फाचे कण धरतात. म्हणून त्या रेग्युलेटरला विजेचा हीटर लावलेला असतो. सिलिंडरमधला द्रवही उडता उडता गार होतो, सुई खाली येते आणि कामगार सिलिंडर संपला म्हणून परत पाठवतो. डेपोत काट्यावर ठेवला की बारा-तेरा किलो माल शिल्लक निघतो. रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी सुई पुन्हा वर आलेली असते.

भरतानाची पद्धत आता सहज समजते. मोठ्या टाकीत सीओटू उणे 20 अंशांना, सुमारे 20 बारला द्रवरूपात असतो. पंपाने तो काट्यावर उभ्या केलेल्या सिलिंडरमध्ये जातो. सिलिंडरच्या खांद्यावर त्याचं रिकामं वजन ठोकलेलं असतं. भरणारा आधी ते वाचतो, त्यात माल मिळवतो आणि तो आकडा आला की व्हॉल्व्ह बंद करतो. पाण्याच्या क्षमतेच्या साधारण दोन-तृतीयांश वजन, ही हद्द. 46.7 लिटरला 31 किलो, म्हणून 30 भरतात.

बाकीची जागा रिकामी का सोडायची, हे दोन सिलिंडर शेजारी ठेवून बघावं. एकात 30 किलो, दुसऱ्यात चुकून 38. थंडीच्या सकाळी 15 अंशांना दोन्हींच्या आत थोडं तरी बाष्प आहे, म्हणून दोन्हींची गेज 51 बार दाखवतात. दिवस चढला की द्रव फुगतो. 38 किलोच्या सिलिंडरमधलं बाष्प जेमतेम एका अंशातच संपतं आणि तिथून पुढे रेणूंचा आकारच तेवढा बोलायला लागतो. 50 अंशांना, म्हणजे उन्हात उभ्या असलेल्या ट्रकवर पोलाद जितकं तापू शकतं तितक्या तापमानाला, पहिल्याचा दाब 130 बारच्या आसपास असतो आणि दुसऱ्याचा 230 च्या. सिलिंडर फाटू नये म्हणून व्हॉल्व्हमध्ये एक पातळ चकती बसवलेली असते. दाब हद्दीबाहेर गेला की ती फुटते आणि सगळा गॅस मोठ्या आवाजाने बाहेर पडतो. सकाळी गेज बघून या दोघांतला धोक्याचा कोणता हे ओळखता येत नाही. काट्यावर चढवलं तर लगेच कळतं.