मूल लंगडतंय आणि अंगात ताप आहे

समजा, चार वर्षांची मुलगी परवा अंगणात पडली. काल ती गुडघा दुखतो म्हणाली, आणि आज सकाळी 39 अंश सेल्सिअस ताप आहे, पाय जमिनीला टेकवायलाही ती तयार नाही. घरच्यांच्या मनात ते पडणंच घोळत असतं, म्हणून गुडघ्याला तेल चोळलं जातं. पण मुका मार लागल्यानं एवढा ताप येत नाही.

डॉक्टर तपासतात तेव्हा गुडघा सहज वाकतो, पण खुब्यातून मांडी जराशी फिरवली की ती किंचाळते. खुब्याचं दुखणं मुलांना अनेकदा गुडघ्यात जाणवतं. फसगत होते ती इथेच.

आता प्रश्न एकच असतो: खुब्याच्या सांध्यात साधी, आपोआप बरी होणारी सूज आहे की पू? साधी सूज बऱ्याचदा सर्दी-खोकल्यानंतर येते आणि विश्रांतीनं साधारण आठवड्याभरात ओसरते. दोन्हींत मूल लंगडतं. 1999 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी फरक ओळखायला चार खुणा सांगितल्या: 38.5 अंशांवर ताप, पायावर भार न देणं, रक्तातला ईएसआर 40 च्या वर आणि पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर. त्यांच्या रुग्णांत चारही खुणा असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या सांध्यात पू होता. इतर रुग्णालयांत अंदाज इतका चोख ठरला नाही, म्हणून सीआरपीही पाहतात.

सोनोग्राफीत पाणी दिसतं, पण तो पू आहे का हे कळत नाही. त्यासाठी भूल देऊन सुईनं ते काढावं लागतं. पू निघाला तर त्याच दिवशी सांधा उघडून धुतात. इतकी घाई का? पुवामुळे सांध्याची कूर्चा झपाट्यानं झिजते, आणि कोंडलेल्या दाबामुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग पाय आखूड राहतो, चाल कायमची बिघडते.

जंतू बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. रक्ताचा नमुना कल्चरसाठी घेतला की लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं. ताप उतरला, सीआरपी खाली आला की काही दिवसांत तोंडावाटे औषध देतात. एकूण उपचार बहुधा दोन ते चार आठवडे चालतो. मूल दुसऱ्याच आठवड्यात धावू लागलं तरी औषध मध्येच सोडायचं नाही.

संसर्ग हाडात असेल तर तो बहुधा हाडाच्या वाढत्या टोकाजवळ असतो. तिथल्या बारीक वाहिन्यांत रक्त संथ वाहतं आणि जंतू रुजतात. मग सांध्याजवळच्या हाडाच्या एका ठरावीक जागी दाबलं की मूल कळवळतं. एक्स-रे मात्र पहिले दहा-बारा दिवस निर्दोष दिसू शकतो; त्यावर विसंबू नये. एमआरआयमध्ये बदल लवकर दिसतात. पू साठला नसेल, तर हाडाचा संसर्ग पुष्कळदा नुसत्या औषधांनी बरा होतो.

तान्ह्या बाळाला तर लंगडताही येत नाही. ते एक पाय हलवत नाही आणि लंगोट बदलताना कळवळून रडतं. नवजात बाळाला ताप नसला, तरी एवढ्यावरच त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.