२०:२०:०:१३ : पोत्याच्या फोटोतले आकडे कसे वाचायचे?

"दादा, डीएपी संपलंय. दुकानदार म्हणतोय हे घेऊन जा. गव्हाला चालेल का?" रब्बीच्या पेरणीच्या दिवसांत असा निरोप येतो आणि त्याच्यासोबत पोत्याचा एक फोटो असतो. फोटोत ठळक दिसतं ते नाव. पण २०२२ च्या ऑक्टोबरपासून अनुदानित खतांच्या पोत्यांवर 'भारत' हेच नाव मोठ्या अक्षरांत छापलं जातं, कंपनी कुठलीही असो. त्यामुळे पोत्याच्या रंगावरून किंवा नावावरून खत ओळखायची जुनी सवय आता पुरी पडत नाही. पाहायचे ते दोन बिंदूंनी वेगळे केलेले आकडे. समजा फोटोत २०:२०:०:१३ असं दिसतंय. चालेल का, याचं उत्तर त्या आकड्यांतच आहे, फक्त ते थोडं गणित करून काढावं लागतं.

पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. हा क्रम कधीच बदलत नाही. आकडा म्हणजे वजनातली टक्केवारी, म्हणजे शंभर किलो खतात त्या अन्नद्रव्याचे किती किलो. पोतं ५० किलोचं असेल तर आकड्याच्या निम्मे किलो. डीएपीचा आकडा १८:४६:०, म्हणून एका पोत्यात ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद आणि पालाश अजिबात नाही. मात्र निम्मं करण्याआधी फोटोत निव्वळ वजन शोधावं. युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं झालं आहे आणि पाण्यात विरघळणाऱ्या खतांच्या पिशव्या २५ किलोच्या किंवा त्याहूनही लहान असतात. युरियाच्या ४५ किलोंत ४६ टक्क्यांनी पावणेएकवीस किलो नत्र भरतो. सवयीने पन्नास किलो धरले तर दर पोत्यामागे सव्वादोन किलो नत्राचा हिशेब चुकतो.

आता गव्हाचा हिशेब करू. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हासाठी महाराष्ट्रातली रुळलेली शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. ही मात्राही १२०:६०:४० अशीच लिहितात आणि इथे पुष्कळांची गल्लत होते, कारण पोत्यावरचे आकडे टक्के असतात आणि शिफारशीतले आकडे किलो. एकराला अडीचने भागलं की ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १६ किलो पालाश असं येतं. नत्र दोन हप्त्यांत द्यायचा असतो: निम्मा, म्हणजे २४ किलो, पेरणीच्या वेळी आणि उरलेला तीन आठवड्यांनी पाण्याच्या पाळीबरोबर, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. स्फुरद आणि पालाश मात्र पूर्ण पेरणीलाच.

डीएपी मिळालं असतं तर काम सोपं होतं. एका पोत्यात २३ किलो स्फुरद म्हणजे जवळजवळ पूर्ण गरज भागते. सोबत ९ किलो नत्र येतो, पेरणीच्या हप्त्यातला उरलेला १५ किलो नत्र ३३ किलो युरियातून देता येतो आणि पालाशासाठी २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागतं, ज्याचा आकडा ०:०:६० असतो.

त्याऐवजी २०:२०:०:१३ घ्यायचं झालं तर पहिली चूक पोत्याला पोतं बदलण्याची होते. डीएपीचं एक पोतं नाही, मग याचं एक घेतलं, असं केलं की स्फुरद २३ किलोंवरून १० किलोंवर येतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि ही तूट नंतर भरून निघत नाही. स्फुरद जमिनीत जागचा फारसा हलत नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर तो कॅल्शियमशी बांधला जातो आणि मुळांना मिळेनासा होतो. कोवळ्या मुळांना तो सुरुवातीलाच, जवळ हवा असतो, म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली पेरून द्यायची पद्धत आहे. पीक गुडघ्याएवढं झाल्यावर वरून फेकलेलं स्फुरदाचं खत बहुतांशी मातीच्या वरच्या थरातच राहतं. नत्राचं नेमकं उलट आहे. युरियातला नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतो, काही वायू होऊन उडून जातो, म्हणून तो एकदम न देता वाटून द्यायचा असतो. तीन आकडे एका ओळीत छापलेले असले तरी देण्याची वेळ आणि पद्धत अशी वेगवेगळी असते.

तेव्हा गणित स्फुरदापासून सुरू करावं. २४ किलो स्फुरदासाठी २० टक्क्यांचं खत १२० किलो लागेल, म्हणजे दोन पोती आणि तिसऱ्यातले २० किलो. त्या १२० किलोंबरोबर नत्रही २४ किलो येतो, म्हणजे पेरणीचा नत्राचा हप्ता पूर्ण झाला, युरिया मिसळायची गरजच नाही. उरलेल्या २४ किलो नत्रासाठी तीन आठवड्यांनी ५२ किलो युरिया दिला की झालं. म्हणजे गव्हाला हे खत चालतं, आणि चांगलं चालतं, फक्त पोत्यांची संख्या बदलते.

आता चौथ्या आकड्याकडे येऊ, कारण खरा घोटाळा तिथे होतो. तो १३ गंधकाचा आहे. ज्या खतात गंधक जाणीवपूर्वक दिलेलं असतं तिथे तीन आकड्यांपुढे चौथा छापतात. सिंगल सुपर फॉस्फेटवरही ०:१६:०:११ असं दिसतं. फोटो घाईत काढलेला असतो, पोतं दुमडलेलं असतं, मधलं शून्य घडीत जातं आणि वाचणारा '२०, २०, १३' असं वाचून तेरा टक्के पालाश धरतो. गव्हाच्या बाबतीत ही चूक फार फसवी आहे. १२० किलोंचे तेरा टक्के म्हणजे साडेपंधरा किलो, आणि आपल्याला पालाश हवा होता १६ किलो. हिशेब इतका चपखल जुळतो की कुणाला शंकाही येत नाही, आणि शेतात पालाशाचा कणही पडत नाही. गंधक वाया जात नाही. तेलबियांना, कांद्याला, डाळींना तर ते आवर्जून द्यावं लागतं. पण पालाशाचं काम गंधक करत नाही. पालाश पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडण्या-मिटण्याचं, पानात तयार झालेली साखर दाण्यापर्यंत पोचवण्याचं काम सांभाळतो. तो कमी पडला की जुन्या, खालच्या पानांच्या कडा टोकाकडून करपत येतात, काड लवकर लोळतं आणि दाणा बारीक राहतो. नत्राच्या कमतरतेतही खालचीच पानं आधी पिवळी पडतात, पण तिथे पिवळेपणा पानाच्या टोकाकडून मध्यभागी उतरतो, नुसत्या कडा करपत नाहीत. ही लक्षणं दिसेपर्यंत पेरणीची वेळ मात्र निघून गेलेली असते. म्हणून फोटो स्पष्ट नसेल तर दुसरा मागवावा आणि तो पोत्यावरच्या घटकांच्या तक्त्याचा मागवावा. तिथे प्रत्येक अन्नद्रव्य नावानिशी, किमान टक्केवारीसह लिहिलेलं असतं.

त्या तक्त्यात स्फुरदापुढे P₂O₅ आणि पालाशापुढे K₂O असं दिसतं. पोत्यात हे पदार्थ प्रत्यक्षात नसतात. जुन्या रसायनशास्त्रज्ञांनी क्षार जाळून उरलेल्या ऑक्साइडच्या रूपात मोजमाप करायची पद्धत पाडली आणि जगातल्या बहुतेक देशांनी ती तशीच ठेवली. निव्वळ फॉस्फरस हवा असेल तर स्फुरदाच्या आकड्याला ०.४४ ने गुणावं, निव्वळ पोटॅशियमसाठी पालाशाच्या आकड्याला ०.८३ ने. आपल्या विद्यापीठांच्या शिफारशीही ऑक्साइडच्याच रूपात असल्याने पोतं आणि शिफारस जुळवताना हा गुणाकार करावा लागत नाही. परदेशातला फोटो समोर आला की मात्र जपावं. ऑस्ट्रेलियात निव्वळ मूलद्रव्याचा आकडा छापतात, म्हणून तिथल्या डीएपीवर ४६ च्या जागी २० दिसतो. खत तेच, मोजमाप वेगळं.

आकड्यांची बेरीज शंभर का होत नाही, असाही प्रश्न विचारला जातो आणि उरलेली माती भरली असेल असा संशय घेतला जातो. युरियाचं उदाहरण घेतलं तर हे स्पष्ट होतं. युरियाच्या रेणूतच नत्राबरोबर कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन असतात. अगदी शुद्ध युरियातही नत्र साडेशेहेचाळीस टक्क्यांच्या थोडा वरच असतो, म्हणून पोत्यावरचा ४६ हा जवळजवळ शुद्ध मालाचा आकडा आहे. कुणी साठ टक्के नत्राचा दाणेदार युरिया देऊ करत असेल तर ते रसायनशास्त्राला धरून नाही.

पोत्यावरचे आकडे शेतातल्या मातीबद्दल मात्र काही सांगत नाहीत. काळ्या जमिनीत पालाश अनेकदा बरा असतो आणि माती परीक्षणात तो भरपूर निघाला तर १६ किलोंची मात्रा कमी करता येते. तो निर्णय अहवाल पाहूनच घ्यायचा, अंदाजाने नाही.

पालाश द्यायचा ठरलाच, तर त्याच्या पोत्याचाही फोटो नीट पाहावा. साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे सांडपाणी उरतं, त्यापासून बनवलेलं पालाशयुक्त खत आता बाजारात आहे. ते कायदेशीर आणि उपयोगी खत आहे. त्याच्याही पोत्यावर 'पोटॅश' हा शब्द मोठा असतो, पण आकडा ०:०:१४.५ असतो. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोंत ३० किलो पालाश असतो, या खताच्या ५० किलोंत सव्वासात किलो. आपल्या एकरभर गव्हाच्या १६ किलोंसाठी पहिल्याचे २७ किलो पुरतात, दुसऱ्याचे ११० किलो लागतात. दोन्हींच्या किमतीची तुलना पोत्यावर न करता या किलोंवर करावी.