सिकलसेलचे जनुक आणि समतोलाचे गणित

सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकाची दोन रूपे आढळतात. या रूपांना अ‍ॅलील म्हणतात. निरोगी रूप 'ए' आणि सदोष रूप 'एस'. प्रत्येक माणसात एक आईकडून आणि एक वडिलांकडून अशी दोन अ‍ॅलील असतात. त्यामुळे माणसे तीन प्रकारची होतात: निरोगी एए, वाहक एएस आणि रुग्ण एसएस.

समजा, हजार जणांच्या वस्तीत मिळून दोन हजार अ‍ॅलील आहेत आणि त्यांपैकी २०० 'एस' आहेत. म्हणजे 'एस'ची वारंवारता ०.१ आणि 'ए'ची ०.९ झाली. लग्ने या जनुकाचा विचार न होता जुळत असतील, तर पुढच्या पिढीत ०.९ × ०.९ या हिशेबाने हजारी ८१० निरोगी, १८० वाहक आणि १० रुग्ण असावेत. त्यांच्यातली अ‍ॅलील मोजली, तर 'एस' पुन्हा ०.१च भरते. इंग्लंडचे गणिती हार्डी आणि जर्मनीचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ साली हा समतोल स्वतंत्रपणे मांडला. लोकसंख्या मोठी हवी आणि उत्परिवर्तन, स्थलांतर, निवड यांपैकी काही घडत नसावे, या त्याच्या अटी आहेत.

प्रत्यक्षात हे आकडे जुळत नाहीत, तिथेच खरी माहिती हाती लागते. विदर्भात आणि नंदुरबारकडे काही समाजांत हे जनुक बरेच आढळते, तर इतर काही समाजांत क्वचितच, आणि लग्ने बहुधा समाजातच होतात. समजा, पाचशे जणांच्या एका समाजात 'एस' मुळीच नाही आणि तेवढ्याच दुसऱ्यात ते ०.२ आहे. दोन्ही समाज आपापल्या जागी समतोलात आहेत. एकत्र मोजले, तर वारंवारता ०.१च येते, पण वाहक १६० आणि रुग्ण २० भरतात. अपेक्षेच्या दुप्पट रुग्ण! वाहक कमी आणि रुग्ण जास्त दिसले, की नमुन्यात वेगवेगळे गट मिसळले आहेत किंवा जवळच्या नात्यात लग्ने होत आहेत, अशी शंका घ्यावी. नात्यातल्या लग्नांनी वारंवारता बदलत नाही, फक्त जोड्यांची विभागणी बदलते.

वारंवारता खरोखर बदलते ती निवडीमुळे. रुग्ण संततीविना दगावत असतील, तर 'एस' कमी होत जायला हवे. तरी ते मलेरियाच्या प्रदेशांत टिकले, कारण वाहकांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवले. वाहकांच्या तुलनेत निरोगी लोकांचे नुकसान सुमारे ११ टक्के असेल, तर 'एस' ०.१वर स्थिर राहते.

स्थलांतराने दोन गटांच्या वारंवारता एकमेकींजवळ येतात. छोट्या पाड्यांत निव्वळ योगायोगानेही त्या वरखाली होतात. उत्परिवर्तनाचा परिणाम मात्र फारच संथ असतो.

मलेरिया पूर्ण हटला आणि एकाही रुग्णाला मूल झाले नाही, असे धरले तरी ०.१ वरून ०.०५ वर यायला 'एस'ला दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे लागतील. बहुतेक 'एस' निरोगी दिसणाऱ्या वाहकांमध्ये असते आणि तिथे निवड पोहोचत नाही. ज्या समाजांत हे जनुक आढळते, तिथल्या तरुणांनी लग्नाआधी रक्ततपासणी करून घ्यावी.