एका आकड्यावर हजार हात

व्हिडिओखाली दिसणारा 'लाइक'चा आकडा डेटाबेसच्या एका तक्त्यातल्या एका ओळीत साठवलेला असतो. कोणी बटण दाबले की ती ओळ शोधायची, आकड्यात एक मिळवायचा आणि ओळ परत लिहायची, एवढेच काम. दिवसाला पाच-पन्नास लाइक येणाऱ्या व्हिडिओसाठी ही रचना उत्तम आहे. पण क्रिकेटच्या थेट सामन्याच्या शेवटच्या षटकात हजारो प्रेक्षक एकाच वेळी बटण दाबतात, तेव्हा सगळ्या विनंत्या त्या एकाच ओळीवर येऊन आदळतात. अशा ओळीला डेटाबेस सांभाळणारे लोक 'हॉट रो' म्हणतात. तिच्यावरचा एक उपाय म्हणजे 'शार्डेड काउंटर', म्हणजे एक आकडा अनेक ओळींमध्ये विभागून ठेवणे.

ओळ तापते ती लॉकमुळे. दोन विनंत्यांनी एकाच वेळी ५०० हा आकडा वाचला आणि दोघींनी ५०१ लिहिला, तर एक लाइक हरवतो. तसे होऊ नये म्हणून पोस्टग्रेससारखा डेटाबेस ओळ बदलणाऱ्या पहिल्या विनंतीला त्या ओळीचे लॉक देतो आणि बाकीच्यांना थांबवतो. मात्र मिळवणी संपली की लॉक सुटत नाही. ते सुटते त्या विनंतीचे संपूर्ण ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावर, आणि साऱ्या अडचणीचे मूळ इथे आहे. मिळवणीला मिलिसेकंदाचा अल्पसा भाग पुरतो. पण त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'कोणी कोणता व्हिडिओ लाइक केला' ही नोंदही करायची असते. तिच्यासाठी ॲपचा सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यात आणखी एक फेरी होते आणि शेवटी कमिटची नोंद डिस्कवर पक्की व्हावी लागते. हा सगळा वेळ लॉक धरलेलेच राहते.

समजा, लॉक सरासरी ५ मिलिसेकंद धरले जाते. मग त्या ओळीवर सेकंदाला जास्तीत जास्त २०० मिळवण्या होऊ शकतात. सर्व्हर कितीही मोठा घेतला, त्याला कितीही कोअर असले, तरी ही मर्यादा हलत नाही, कारण काम एकामागून एकच होते. सेकंदाला १,००० लाइक येत असतील तर दर सेकंदाला ८०० विनंत्या तुंबत जातात. ॲपकडे डेटाबेसची १०० कनेक्शन राखून ठेवलेली असतील, तर सेकंदाच्या आठव्या हिश्श्यातच ती सगळी याच रांगेत अडकतात. त्यानंतर लॉगिन, शोध, पैसे भरणे अशा त्या ओळीशी काडीचा संबंध नसलेल्या विनंत्यांनाही कनेक्शन मिळत नाही. एका लाइकच्या आकड्यामुळे सगळी साइट ठप्प होते ती अशी.

हा आजार ओळखण्याची खूण ठळक आहे. साइट रेंगाळलेली असते, पण डेटाबेस सर्व्हरचा सीपीयू मात्र जवळपास रिकामा असतो. पोस्टग्रेसमध्ये `pg_stat_activity` पाहिले तर एकच `UPDATE` चालवणारी डझनावारी कनेक्शन दिसतात आणि त्यांच्यापुढे `wait_event_type` या रकान्यात `Lock` लिहिलेले असते. शेजारच्या `wait_event` रकान्यात एखाद्या कनेक्शनपुढे `transactionid` आणि बाकीच्यांपुढे `tuple` अशी नोंद असेल, तर निदान पक्के समजावे. पहिले कनेक्शन लॉक धरून बसलेल्या ट्रान्झॅक्शनची वाट पाहत असते आणि उरलेली सगळी त्याच ओळीसाठी त्याच्यामागे उभी असतात.

ओळीचे तुकडे करण्याआधी एक साधा बदल करून पाहावा, कारण त्याला नवा तक्ता लागत नाही. ट्रान्झॅक्शनमधली बाकीची कामे आधी उरकावीत आणि आकडा वाढवण्याचे काम अगदी शेवटी, कमिटच्या तोंडावर ठेवावे. कोणी लाइक केले ही नोंद प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळी ओळ असते, तिथे कोणाची टक्कर होत नाही. या अदलाबदलीने लॉक धरण्याचा काळ ५ वरून २ मिलिसेकंदांवर आला, तर मर्यादा २०० वरून ५०० वर जाते. पुष्कळ साइटींचे काम एवढ्यावर भागते आणि त्यांनी इथेच थांबणे शहाणपणाचे. सेकंदाला १,००० लाइकसाठी मात्र हे अपुरे आहे.

इथे शार्ड कामाला येतात. मोठ्या देवस्थानात यात्रेच्या दिवशी एकच दानपेटी न ठेवता अनेक ठेवतात. ज्याला जी मोकळी दिसेल तीत तो पैसे टाकतो आणि एकूण दान कळते ते सगळ्या पेट्यांची मोजदाद करून. शार्डेड काउंटरही तसाच चालतो. एका व्हिडिओसाठी एक ओळ न ठेवता १६ ओळी ठेवतात. लाइक आला की ॲप ० ते १५ मधला एक क्रमांक यादृच्छिकपणे निवडते आणि त्या क्रमांकाच्या ओळीत एक मिळवते. व्हिडिओचा क्रमांक ४२ आणि निवडलेला शार्ड ७ असेल, तर आज्ञा अशी:

```
INSERT INTO like_shards (video_id, shard, n)
VALUES (42, 7, 1)
ON CONFLICT (video_id, shard)
DO UPDATE SET n = like_shards.n + 1;
```

ओळ आधीपासून नसेल तर ही आज्ञा ती तयार करते, असेल तर वाढवते. त्यामुळे प्रत्येक नव्या व्हिडिओसाठी १६ रिकाम्या ओळी आधीच भरून ठेवाव्या लागत नाहीत. एकूण आकडा हवा असेल तेव्हा बेरीज करतात:

```
SELECT SUM(n) FROM like_shards
WHERE video_id = 42;
```

आता पुन्हा हिशेब मांडू. १,००० लाइक १६ ओळींत विखुरले की प्रत्येक ओळीच्या वाट्याला सेकंदाला सुमारे ६२ येतात. प्रत्येकी २ मिलिसेकंद धरले, तर एक ओळ सेकंदातले सुमारे १२५ मिलिसेकंद, म्हणजे एक-अष्टमांश वेळ अडलेली असते. नव्याने आलेल्या आठांपैकी साधारण एका विनंतीला थांबावे लागते आणि तेही दोन-चार मिलिसेकंद. इथे एक चूक सहज होते. १,००० ला ५०० ने भागून 'दोन शार्ड पुरेत' असा निष्कर्ष काढला जातो. यादृच्छिक निवडीत विनंत्या समान अंतराने येत नाहीत, त्यामुळे दोनच ओळी ठेवल्या तर त्या कायम भरलेल्या राहतात आणि रांग वाढतच जाते. प्रत्येक ओळ फार तर पाव वेळ अडलेली असावी, असा अंदाज धरून शार्डची संख्या ठरवली तर गर्दीच्या लाटेलाही जागा उरते.

विभागणीचा आणखी एक लाभ होतो, तो सहसा लक्षात येत नाही. जवळजवळ एकाच वेळी कमिट होणाऱ्या अनेक ट्रान्झॅक्शनच्या नोंदी पोस्टग्रेस एकाच खेपेत डिस्कवर पक्क्या करू शकतो. एकाच ओळीच्या रांगेत हे शक्य नसते, कारण आधीचीचे कमिट संपल्याशिवाय पुढची सुरूच होत नाही आणि प्रत्येकीला डिस्कची स्वतंत्र खेप मोजावी लागते. ओळी वेगळ्या झाल्या की या खेपा वाटून घेतल्या जातात.

शार्ड निवडायचा कसा, यावर बरेच अवलंबून आहे. व्हिडिओच्या क्रमांकावरून तो ठरवला, तर एका व्हिडिओचे सगळे लाइक पुन्हा एकाच ओळीत जातात आणि सारी मेहनत वाया जाते. दुसरी फसगत अधिक छुपी आहे. सगळ्या ओळी आधी भरून ठेवायच्या आणि `UPDATE` च्या `WHERE` मध्येच `shard = floor(random()*16)` लिहायचे, हे दिसायला सुटसुटीत वाटते. पण पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही तो यादृच्छिक आकडा प्रत्येक ओळ तपासताना नव्याने काढतात. परिणामी कधी एकही ओळ जुळत नाही आणि लाइक हरवतो, तर कधी दोन-तीन ओळी जुळतात आणि एका लाइकचे तीन होतात. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. आकडा फक्त हळूहळू खोटा होत जातो. म्हणून क्रमांक आधी ॲपमध्ये काढावा आणि आज्ञेत तयार आकडा पाठवावा. 'कोणी लाइक केले' या नोंदींची मोजणी अधूनमधून बेरजेशी ताडून पाहिली, तर असली गळती लवकर सापडते.

लाइक परत घेतला की एक वजा करायचा असतो. तो मूळच्याच शार्डमधून करण्याची गरज नाही, कोणताही चालतो, कारण अर्थ फक्त बेरजेला आहे. त्यामुळे एखाद्या ओळीत उणे आकडा येऊ शकतो आणि ते बरोबरच आहे. सवयीने त्या स्तंभावर 'शून्यापेक्षा कमी नको' अशी अट घातलेली असेल, तर मात्र लाइक परत घेणाऱ्या काही जणांना उगाचच नकार मिळतो. शार्ड वाढवणे सोपे असते. ॲपने ० ते ३१ मधला क्रमांक काढायला सुरुवात केली की झाले, वाचनाची बेरीज आपोआप सगळ्या ओळी धरते. कमी करताना मात्र जुन्या ओळी पुसायच्या नसतात. त्यांचा आकडा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दुसऱ्या ओळीत वळता करावा लागतो.

या पद्धतीची किंमत वाचताना मोजावी लागते. पोस्टग्रेसमध्ये शेजारशेजारच्या १६ छोट्या ओळींची बेरीज स्वस्त पडते. पण गूगलच्या फायरस्टोरसारख्या सेवेत प्रत्येक शार्ड हे वेगळे डॉक्युमेंट असते आणि वाचलेल्या प्रत्येक डॉक्युमेंटचे पैसे लागतात. तिथे १६ शार्ड म्हणजे आकडा दाखवण्याचा खर्च १६ पट. म्हणून बेरीज दर काही सेकंदांनी एकदा करून कॅशमध्ये ठेवतात आणि सगळ्यांना तीच दाखवतात. लाखाच्या आकड्यात दोन-चार सेकंदांचे शिळेपण कोणाला जाणवत नाही. हीच युक्ती संगणकाच्या स्मृतीतही वापरतात. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मधला `LongAdder` गर्दी झाली की आकडा अनेक कप्प्यांत वाटून घेतो आणि मागितल्यावर बेरीज देतो.

जिथे प्रत्येक मिळवणीच्या वेळी एकूण आकडा माहीत असणे भाग आहे, तिथे ही पद्धत चालत नाही. 'तुम्ही दहा हजारावे प्रेक्षक' असे सांगता येत नाही, कारण एका शार्डला बाकीच्यांचे काय चालले आहे ते ठाऊक नसते. सलग पावती क्रमांक देता येत नाहीत. नाट्यगृहाच्या ३०० जागांची विक्री हे त्याहून अवघड प्रकरण. जागा शिल्लक आहे का, हे तपासूनच एक वजा करायची असते. शिल्लक १० ओळींत प्रत्येकी ३० अशी वाटली, तर गर्दी विभागते खरी. पण विक्री संपत आली की एका ओळीत शून्य आणि दुसरीत चार अशी स्थिती येते आणि शून्याच्या ओळीवर पोहोचलेल्या ग्राहकाला जागा असूनही 'हाउसफुल्ल' दिसते. त्यावर उपाय म्हणून रिकामी ओळ लागली की दुसऱ्या ओळी क्रमाने तपासतात किंवा शिल्लक ठराविक संख्येखाली आली की उरलेल्या जागा एकाच ओळीत गोळा करतात. म्हणजे शेवटच्या काही जागांसाठी पुन्हा एका ओळीची रांग लागते. मात्र तोवर विक्रीचा मोठा भाग उरकलेला असतो आणि ती रांग छोटी असते.