दूरच्या संगणकाची ओळख पटत नाही तेव्हा

घरून ऑफिसच्या विंडोज संगणकाला रिमोट डेस्कटॉपने जोडताना पिवळ्या खुणेची एक सूचना येते: समोरच्या संगणकाची ओळख पटवता येत नाही, तरीही जोडायचे का? यात व्हायरसचा काही संबंध नाही. विंडोज स्वतःच स्वतःसाठी एक प्रमाणपत्र बनवते. त्यावर तिसऱ्या कुणा विश्वासू संस्थेची सही नसते, म्हणून तुमचा लॅपटॉप शंका घेतो. ‘हो’ म्हटल्यावर संवाद कूटबद्धच राहतो. पण तो नेमका कुणाशी चालला आहे, याची खात्री नसते. मध्येच बसलेला कुणी त्याच नावाने उत्तर देऊ शकतो आणि पासवर्ड त्याच्या हाती लागण्याचा धोका असतो.

खात्री करता येते. सूचनेतील `View certificate` दाबून `Details` मध्ये `Thumbprint` पाहा. ऑफिसमधल्या सहकाऱ्याला त्या संगणकावर `certlm.msc` उघडून `Remote Desktop` खालच्या प्रमाणपत्राचा तोच आकडा फोनवर वाचायला सांगा. पूर्ण जुळला, तर निर्धास्त स्वीकारा. घरातल्याच नेटवर्कवरचा स्वतःचा संगणक असेल, तर एवढी तपासणी नसली तरी माझ्या मते चालते.

‘पुन्हा विचारू नका’ अशी खूण केल्यावरही सूचना परतली, तर थांबा. हे प्रमाणपत्र साधारण 6 महिन्यांचे असते आणि नवे आपोआप बनते, त्यामुळे कारण साधे असू शकते. तरी आकडा पुन्हा जुळवाच. हॉटेलच्या वायफायवर तो जुळवता येत नसेल, तर मात्र जोडू नका.